कागदावर चौदा दिवस, शेडमध्ये साडेतीन महिने

मी जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढून रुई वेगळी करायच्या कारखान्यात, एचआर बघते असं सांगितलं की नागपूरकडचे लोक जरा थांबून बघतात, जिनिंगमध्ये कसला एचआर म्हणून. आहे बाप्पा. वणी-पांढरकवडा पट्ट्यात आमची तीन युनिटं, त्यातल्या एकाला ऑइल मिल जोडलेली, पर्मनंट स्टाफ नव्वदच्या आसपास. हमाल आणि रेच्यावरच्या, म्हणजे सरकी काढायच्या मशीनवरच्या, बाया मुकादमामार्फत येतात, त्यांचा हिशोब वेगळा, तो मी इथं धरत नाही. मी बोलते ती फिटर, वायरमन, ग्रेडर, काटा ऑपरेटर, अकाउंटंट, सुपरवायझर या लोकांबद्दल, ज्यांची ऑर्डर माझ्या सहीनं निघते.

मागच्या उन्हाळ्यात छोटे शेठ पुण्याहून शिकून परत आले आणि पहिल्याच मीटिंगला म्हणाले मॅडम, दर तिमाहीला मला दोन आकडे पाहिजेत, टाईम टू फिल आणि कॉस्ट पर हायर. म्हणजे जागा भरायला किती दिवस लागले आणि एक माणूस घ्यायला किती खर्च आला. मी हो म्हटलं, दोनच तर आकडे, त्यात काय अवघड. तोवर माझी सगळी भरती एका लाल डायरीत होती आणि अर्धी डोक्यात.

पहिला रिपोर्ट एप्रिल ते सप्टेंबरचा दिला. सहा महिन्यांत १४ जागा उघडल्या होत्या, ९ भरल्या होत्या. त्या ९ जागांना लागलेले दिवस असे होते: ६, ७, ८, ९, १०, ११, १२, १४ आणि ४९. बेरीज १२६, सरासरी बरोबर १४. छोटे शेठ एकदम खुश, म्हणे चौदा दिवसात माणूस, पुण्याच्या कंपन्यांना जमत नाही हे. मीही खुश, कशाला खोटं बोलू.

त्याच दिवशी दुपारी शेडमध्ये चहाला बसले तर आमचे मिस्त्रीकाका, तीस वर्षं रेच्यांवर काढलेला माणूस, कपाळावर रुई चिकटलेली तशीच, म्हणाले, "ताई, तुम्ही म्हणे चौदा दिवसात मानूस देता. मले त फिटर साडेतीन महिन्यांनी भेटला."

मी म्हटलं काका, फिटरला ४९ दिवस लागले, माझ्याकडे लिहिलंय. ते म्हणाले, "तुमच्याकडं काय लिवलं ते मले काय म्हाईत, माह्याकडं रेचे उघडे पडून होते." राग आला तेव्हा. पण संध्याकाळी ऑफिसात बसून डायरी, व्हॉट्सॲप आणि शेठजींच्या सहीचे कागद असं तिन्ही समोर घेऊन त्या एका जागेच्या तारखा लावल्या, आणि खरं सांगते, दोन्ही आकडे बरोबर निघाले.

जुन्या फिटरनं २ जूनला मॅनेजरला तोंडी सांगितलं की मी जातो, खाणीवर ठेकेदाराकडे लागलो. मॅनेजरला वाटलं थांबेल, पगार वाढवायला करतोय, म्हणून त्यानं मला सांगितलंच नाही, सांगितलं २० जूनला. मी कागद केला, शेठजी लग्नाला राजस्थानात, सही झाली ८ जुलैला. मग जाहिरात, आयटीआयला फोन, ओळखीपाळखी. जो शेवटी लागला त्या माणसाचा अर्ज आला १० ऑगस्टला, त्यानं २६ ऑगस्टला होकार दिला, आणि जुन्या ठिकाणचा हिशोब उरकून जॉइन झाला २० सप्टेंबरला.

आता मोजा. अर्ज आल्यापासून होकारापर्यंत १६ दिवस. शेठजींच्या सहीपासून होकारापर्यंत ४९. सहीपासून जॉइनिंगपर्यंत ७४. आणि जुना माणूस जातो म्हणाला तिथपासून नवा शेडमध्ये उभा राहीपर्यंत ११०. एकच जागा, एकच माणूस, चार आकडे. यातला ४९ वाला साधारण टाईम टू फिल म्हणून धरतात, मंजुरीपासून होकारापर्यंत. १६ वाल्याला टाईम टू हायर म्हणतात, तो उमेदवार आपल्या हातात आल्यावर आपण किती चटकन हललो ते सांगतो. बरेच लोक ही दोन नावं एकमेकांच्या जागी वापरतात आणि मग दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून भांडतात. काही जण शेवट होकारावर धरतात, काही जॉइनिंगवर. कुठलाही धरा, पण एकदा धरला की वर्षभर तोच, आणि रिपोर्टच्या डोक्यावर लिहून ठेवायचं कुठून कुठपर्यंत मोजलं ते.

मला त्यात जास्त लागलं ते वेगळंच. त्या ११० पैकी ३६ दिवस, म्हणजे २ जून ते ८ जुलै, माझ्या घड्याळात आलेच नाहीत, कारण माझं घड्याळ सहीनंतर सुरू होतं. आणि जॉइनिंगआधीचे २५ दिवसही नाहीत. भरतीच्या कामाला खरंच उशीर झाला तो मधल्या ४९ मध्ये, आणि त्यातलेही ८ जुलै ते १० ऑगस्ट हे तेहेतीस दिवस नुसते लायक अर्जाची वाट बघण्यात गेले. मुलाखतीत नाही, ऑफरमध्ये नाही. म्हणजे एचआरनं भराभर मुलाखती घ्या असं कुणी ओरडलं असतं तरी या जागेत फार तर पाच-सहा दिवस वाचले असते. उशीर कुठं झाला हे एका आकड्यातून कळतच नाही, तारखा तोडून बघाव्या लागतात. तेव्हापासून शीटमध्ये सहा कॉलम केले, कळलं, सही, पहिला लायक अर्ज, ऑफर, होकार, जॉइनिंग. बाकी वजाबाकी.

आता एक कबुली द्यायचीच आहे तर देऊन टाकते. ते ६ आणि ७ दिवसवाले जे दोन होते ना, त्यातल्या एकाचं नाव माझ्याकडे आधीच होतं. सुपरवायझरची जागा रिकामी होणार हे माहीत होतं, आमच्याच एका ड्रायव्हरचा भाचा येऊन भेटून गेला होता, मग मी आरामात कागद केला, सही घेतली, सहा दिवसांत भरली. मुद्दाम चोरी केली असं नाही, पण असंच करत राहिलं तर टाईम टू फिल कधीच वाढत नाही, माणूस खिशात असल्याशिवाय जागा उघडायचीच नाही. दुसरी युक्ती म्हणजे जागा लांबली की होल्डवर टाकायची आणि महिन्याभरानं नव्या तारखेनं परत उघडायची. ही मी केली नाही, पण आमच्या एका मॅनेजरनं सुचवली होती, तेही अगदी सरळ तोंडानं. म्हणून कुणाचा आकडा फारच गोंडस दिसला की मी आता पहिल्यांदा बघते, जागा उघडल्याची तारीख कशी ठरते आणि कॅन्सल केलेल्या जागांचं काय केलं.

मग आला जानेवारी. ऑक्टोबर ते डिसेंबरचा रिपोर्ट. या तीन महिन्यांत ६ जागा भरल्या. तीन नवीन साध्या जागा, १०, १२ आणि १७ दिवसांत. आणि तीन जुन्या, ज्या पहिल्या सहामाहीतल्या उरलेल्या पाचातल्या होत्या: ग्रेडर ९६ दिवस, दुसऱ्या युनिटचा फिटर ११८ दिवस, वायरमन १३१ दिवस. बेरीज ३८४, सरासरी ६४.

चौदावरून चौसष्ट. मोठे शेठजी कधी आकड्यांत पडत नाहीत, पण त्या दिवशी म्हणाले, "काय मॅडम, झोपा काढल्या का सीझनमध्ये?" छोटे शेठ काही बोलले नाहीत, नुसता ग्राफ माझ्याकडे वळवला, ते जास्त लागलं. वर्षातलं सगळ्यात चांगलं काम मी त्याच तीन महिन्यांत केलं होतं, तीन अशा जागा भरल्या होत्या की ज्याला त्याला वाटत होतं आता भरतच नाहीत. आणि शिक्षा काय, तर आकडा बिघडला. त्या तीन जागा मी भरल्याच नसत्या, तशाच उघड्या ठेवल्या असत्या, तर माझी सरासरी आली असती १३.

ही गोम समजायला मला रात्रभर लागली. सरासरीत फक्त भरलेल्या जागा येतात. जी जागा उघडी पडून आहे तिचे दिवस कुठंच मोजले जात नाहीत, ती भरली की मग सगळे दिवस एकदम अंगावर येतात. म्हणजे सप्टेंबरचा १४ हा आकडा खोटा नव्हता, पण तो फक्त सोप्या जागांचा होता, अवघड पाच जागा तेव्हा रांगेत मागं उभ्या होत्या आणि रिपोर्टमध्ये त्यांचा फोटोच नव्हता. आकडा चांगला दिसतो तेव्हा उघड्या जागा किती आणि किती दिवसांच्या जुन्या, हे शेजारी नसेल तर तो वाचूच नये.

आधी मला वाटलं मीडियन, म्हणजे आकडे क्रमानं लावले की मधोमध येतो तो, काढला की झालं, सगळीकडे तेच सांगतात. पहिल्या सहामाहीत =AVERAGE(H2:H10) केलं तर १४ आणि =MEDIAN(H2:H10) केलं तर १०, म्हणजे एकट्या फिटरच्या ४९ नं सरासरी ओढली होती, मीडियननं ते काढून टाकलं. छान. पण दुसऱ्या रिपोर्टला १०, १२, १७, ९६, ११८, १३१ यांचा मीडियन येतो साडेछप्पन. साडेछप्पन दिवसांत आमच्याकडे एकही जागा भरली नाही! एकीकडे पंधरवड्यात भरणाऱ्या जागा आणि दुसरीकडे तीन-चार महिन्यांच्या, मधे कुणीच नाही, आणि मीडियन बिचारा त्या रिकाम्या मधोमध जाऊन बसला. तिथं एकच इलाज, दोन ढीग वेगळे करायचे. ऑफिस-काटा-सुपरवायझर एका बाजूला, फिटर-वायरमन-ग्रेडर दुसऱ्या बाजूला. असं केलं तर कळतं की सोप्या जागांचा वेळ होता तिथंच आहे आणि अवघड जागा आधीपासूनच अवघड होत्या, सीझनमध्ये काही बिघडलं नाही, फक्त दिसलं.

का अवघड, तर वणीकडे कोळशाच्या खाणी, पलीकडे चंद्रपूर भागात सिमेंट, जो वायरमन परमिटवाला आहे तो ठेकेदाराकडे बारा महिने कामाला लागतो, आमच्याकडे सीझन संपला की ओव्हरटाइम बंद. जिन फिटर तर आयटीआयमध्ये तयारच होत नाही, फिटर ट्रेडचा पोरगा येतो, पण रोलर आणि चाकूची सेटिंग शेडमध्येच शिकावी लागते. एक जण सगळी सर्टिफिकेटं घेऊन आला होता, मिस्त्रीकाकांनी त्याला एक रेचा उघडून दिला आणि म्हणाले लाव. लावला त्यानं, चालू केला, काकांनी दोन मिनिटं नुसता कान दिला, मग खाली पडलेली सरकी मुठीत घेऊन माझ्यासमोर धरली, दर मुठीत चार-पाच दाणे तुटलेले. तुटकी सरकी रुईत गेली की गाठीचा दर्जा जातो. काकांनी त्याला चहा पाजला आणि बसस्टँडवर सोडून आले. तो दिवस माझ्या टाईम टू फिलमध्ये नुसता उशीर म्हणून लागला.

छोट्या शेठना मग मी तिसऱ्या पद्धतीनं दाखवलं आणि ते त्यांना पटलं. किती दिवसांत भरली हे विचारायच्या ऐवजी, एका काळात उघडलेल्या सगळ्या जागा घ्यायच्या, भरलेल्या-उघड्या सगळ्या, आणि विचारायचं की उघडल्यापासून ३० दिवसांत किती भरल्या. एप्रिल ते सप्टेंबरच्या १४ पैकी ३० दिवसांत ८. ६० दिवसांत ९. ९० दिवसांतही ९च. हा आकडा जुनी जागा भरल्यानं बिघडत नाही आणि जागा उघडीच ठेवल्यानं सुधरत नाही. फक्त सप्टेंबरच्या शेवटी उघडलेल्या जागेला तीस दिवस पुरे व्हायला ऑक्टोबर संपत येतो, म्हणून हा रिपोर्ट महिनाभर उशिरा द्यावा लागतो, तेवढी सवय लावून घेतली.

खर्चाच्या आकड्याची वेगळीच गंमत. पहिल्या सहामाहीत मी कॉस्ट पर हायर दिला होता १३,०००. छोटे शेठ नागपूरला कुठल्याशा कार्यक्रमात गेले, तिथं दुसऱ्या एका जिनिंगवाल्यानं सांगितलं आमचा चार हजार येतो. परत आले ते थेट माझ्या टेबलावर, की आपण तिप्पट का देतो?

मी कागद काढला. बाहेर गेलेला पैसा असा: पेपरची छोटी जाहिरात दोन वेळा ६,५००, पाम्प्लेट ९००, अकाउंटंटसाठी नागपूरच्या कन्सल्टंटला एक पगार २२,०००, उमेदवारांचं एसटी भाडं आणि राहणं ४,१००, मेडिकल वगैरे नऊ जणांचे ४,५००. एकूण ३८,०००. त्याला नऊनं भागा, ४,२०० च्या आसपास. म्हणजे आमचाही चार हजारच! फक्त १३,००० मध्ये मी आतला खर्चही धरला होता. माझा पगार तीस हजार, पंधरा दिवस तासातासाची नोंद ठेवली तर तिसरा हिस्सा वेळ भरतीत जातो, म्हणजे महिन्याला दहा हजार, सहा महिन्यांचे साठ. मॅनेजर, मिस्त्रीकाका आणि शेठजी मुलाखतीत बसतात, त्यांच्या वेळेचे १९,०००. ३८ आणि ७९ मिळून १,१७,०००, भागिले ९ म्हणजे १३,०००.

अमेरिकेतल्या एसएचआरएम या एचआरवाल्यांच्या संस्थेनं २०१२ साली या खर्चाचं स्टँडर्ड काढलं, त्यातही बाहेरचा आणि आतला दोन्ही खर्च धरून भरतीच्या संख्येनं भागायला सांगितलंय, आणि दुसऱ्या कंपनीशी तुलना करायची असेल तर त्यासाठी वेगळा, कमी गोष्टी धरलेला आकडा ठेवलाय. कारण उघड आहे, प्रत्येकाची पगार वाटायची रीत वेगळी. त्या नागपूरच्या पाहुण्यांनी आपला स्वतःचा आणि मुनीमजींचा वेळ फुकट धरला होता, बस.

पण माझ्याही १३,००० मध्ये भोकं होतीच. पेपरची ती साडेसहा हजारांची जाहिरात होती वायरमन आणि ग्रेडरची. ते लागले ऑक्टोबरनंतर. म्हणजे खर्च पहिल्या रिपोर्टला चढला आणि माणसं दुसऱ्या रिपोर्टला मोजली गेली. त्यामुळे ऑक्टोबर-डिसेंबरला ६६,००० खर्च आणि ६ माणसं, ११,००० आला, आणि शेठजींना वाटलं वेळ वाढला पण खर्च तरी कमी झाला. कमी काही झाला नव्हता, कॅलेंडरची रेघ मधे आली होती. शिवाय माझा पगार काही माणसं कमी लागली म्हणून कमी होत नाही, उद्या सहा महिन्यांत चारच भरती झाली तर हाच आकडा दुपटीनं वाढेल आणि मी मात्र तेवढंच काम केलेलं असेल. छोट्या कंपनीत हा आकडा तिमाहीला वाचण्यात अर्थच नाही, मी आता वर्षाचा देते.

त्याहून वाईट भानगड भागाकाराच्या खालच्या बाजूला असते. नऊ माणसं घेतली, त्यातली तीन नव्वद दिवसांच्या आत गेली. त्यांच्या जागी परत माणसं घेतली की भरतीची संख्या वाढते, आणि ही भरती बहुतेक ओळखीनं, स्वस्तात होते, म्हणून सरासरी खर्च खाली येतो. माणसं टिकत नाहीत आणि आकडा सुधारतो, अशी उलटी तऱ्हा. म्हणून आता मी एकाच खर्चाला दोनदा भागते. १,१७,००० भागिले घेतलेले ९ म्हणजे १३,०००, आणि भागिले नव्वद दिवसांनंतरही असलेले ६ म्हणजे १९,५००. जो कन्सल्टंटचा अकाउंटंट २२,००० ला महाग वाटला होता तो आजही आहे, आणि ड्रायव्हरचा भाचा, सहा दिवसांत फुकटात मिळालेला, पोळ्याला गावी गेला तो आलाच नाही.

आता वायरमनची गोष्ट, कारण ती माझी चूक आहे. जागा २० जूनला उघडली. जुलैमध्येच एका कन्सल्टंटनं परमिटवाला माणूस दाखवला, फी एक पगार म्हणजे १८,०००, तीन महिन्यांत सोडून गेला तर दुसरा देऊ म्हणाला. मी नाही म्हटलं. कॉस्ट पर हायर वाढेल म्हणून. खरंच एवढंच कारण होतं, नवीन नवीन आकडे द्यायचे होते ना. पुढं बाहेरचा वायरमन बोलवत राहिलो, चौदा खेपा, खेपेला १,८००, म्हणजे २५,२००. तो खर्च मेंटेनन्सच्या खात्यात गेला, माझ्या रिपोर्टला त्याचा वासही नाही.

हे मी छोट्या शेठना सांगितलं तेव्हा शेजारी मोठे शेठजी बसले होते. ते हसून म्हणाले, "पन पगार वाचला ना मॅडम. साडेचार महिन्यांचा. ऐंशी हजार झाले." आणि मला उत्तर सुचेना, कारण हिशोबानं ते बरोबर होते. जागा रिकामी असली की नुकसानच होतं असं जे सरसकट सांगतात ते जून-जुलैच्या बंद जिनिंगमध्ये येऊन बघितलेले नसतात. तेव्हा रेचे बंद, लाईट फक्त ऑफिसची, वायरमन असता तर खुर्ची टाकून बसला असता.

मग ऑक्टोबरची ती रात्र आठवली आणि शेठजीच गप्प झाले. दसरा झाला होता, कापूस यायला लागलेला, रात्री अकराला मेन पॅनलमध्ये काहीतरी जळालं आणि शेड काळाकुट्ट. बाहेरचा वायरमन दुसऱ्या दिवशी दुपारी एकला आला. चौदा तास. मुकादमाची माणसं बसून, त्यांची रोजी द्यायचीच, यार्डात कापसानं भरलेल्या सतरा गाड्या, त्यातल्या काही शेतकऱ्यांनी माल परत वळवला दुसऱ्या जिनिंगला. त्या एका रात्रीचा हिशोब शेठजींनी स्वतःच केला होता, लाखाच्या वर गेला होता.

म्हणजे १३१ दिवसांतले पहिले जवळजवळ चार महिने कंपनीचे पैसे वाचले आणि शेवटच्या काही दिवसांतल्या एका रात्रीनं ते सगळे घेऊन गेले. त्यावरून शीटमध्ये अजून एक कॉलम आला, "गरजेची तारीख", प्रत्येक जागेला माणूस कधी लागतो ती. वायरमनची १५ ऑक्टोबर, सीझनची. तो जॉइन झाला ८ नोव्हेंबरला, म्हणजे २४ दिवस उशिरा. फिटरची गरजेची तारीख मिस्त्रीकाकांनी सांगितली १० ऑगस्ट, रोलर-बीटर उघडायचं काम तेव्हा सुरू होतं, तो आला २० सप्टेंबरला, ४१ दिवस उशिरा. बघा आता, टाईम टू फिलमध्ये वायरमन १३१ नं वाईट आणि फिटर ४९ नं बरा, आणि गरजेच्या तारखेवरून बघितलं तर उलटं. शेडमध्ये विचाराल तर फिटरच्याच जागेनं जास्त रडवलं, ट्रायल दसऱ्याच्या आदल्या रात्रीपर्यंत चालली.

आणि जानेवारीत काटा ऑपरेटर गेला. भर आवकीत, न सांगता, मोबाइल बंद. आठ दिवसांत नवीन आणला, कागदावर आठ दिवस, माझ्या सगळ्यात झकास भरतींपैकी एक. ते आठ दिवस काट्यावर मी स्वतः बसले, वजनचिठ्ठ्या फाडत, ट्रॅक्टरची रांग गेटाबाहेर रोडवर गेलेली, एका आजोबांनी मला विचारलं की बाई, तू मालकाची पोरगी का. अशा जागेला आठ दिवसही चालत नाहीत, तिथं माणूस जायच्या आधीच दुसरा तयार पाहिजे. आता सुपरवायझरांपैकी दोघांना काटा शिकवून ठेवलाय, ते भरतीच्या आकड्यात येत नाही, पण यंदा मी काट्यावर बसणार नाही.

एप्रिलला वर्षाचा रिपोर्ट दिला तेव्हा दोनच पानं होती. पहिल्यावर दोन ढिगांचे वेगळे दिवस, ३० दिवसांत किती भरल्या, गरजेच्या तारखेला किती उशीर. दुसऱ्यावर खर्च, बाहेरचा आणि आतला वेगळा, आणि टिकलेल्यांवर भागलेला. सगळ्यात खाली उघड्या जागा, वयासकट. ऑइल मिलचा एक्स्पेलर ऑपरेटर आणि रात्रपाळीचा स्टोअरकीपर या दोन जागा पहिल्या चौदातल्याच, अजून उघड्या. छोट्या शेठनी वरचं सगळं सोडून आधी त्याच ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, स्टोअरकीपर इतके महिने नाही तर रात्री स्टोअर कोण बघतं?

मी म्हटलं कुणीच नाही, किल्ली वॉचमनकडे असते.

"मग ही जागा पाहिजे का आपल्याला?"

ती बंद केली. एक्स्पेलरवाल्यासाठी कन्सल्टंटला त्याच संध्याकाळी फोन लावला, फी एक पगार.